सर्व्हिस झोनमध्ये एसटीपी, कचरा खोली आणि ट्रान्सफॉर्मर: आधी पातळ्या आणि गाडीचा रस्ता, मग चौरस मीटर

प्रश्न: "२०० सदनिकांचा प्रकल्प आहे. भूखंडाच्या मागच्या बाजूला ४० मीटर × ९ मीटरची पट्टी सर्व्हिस झोन म्हणून ठेवली आहे. पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जमीन साधारण १ मीटर उतरते. एसटीपी, कचरा खोली आणि ट्रान्सफॉर्मर तिन्ही इथेच बसवायचे आहेत. जागा वाचवायला एसटीपी जमिनीखाली घेऊन त्याच्या स्लॅबवर ट्रान्सफॉर्मर ठेवला तर चालेल का?"

थेट उत्तर आधी देतो: एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्रावर, ट्रान्सफॉर्मर ठेवू नका. तुमच्याकडे तशी गरजही नाही, कारण ३६० चौरस मीटरमध्ये हे तिन्ही शेजारी शेजारी नीट बसतात. तुमची खरी अडचण क्षेत्रफळाची नाहीच. या तिघांना जमिनीकडून वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात. एसटीपीला सखल जागा हवी, कारण मैलापाणी उताराने येतं. ट्रान्सफॉर्मरला उंच आणि कोरडी जागा हवी. कचऱ्याला गाडी दारापर्यंत यायला हवी. नकाशावर तीन आयत काढून "बसलं" म्हणणं सोपं असतं, म्हणून बहुतेक ठिकाणी हाच घोटाळा होतो. तुमच्या पट्टीला १ मीटरचा उतार आहे ही खरं तर चांगली गोष्ट आहे, तिचा उपयोग करून घ्या.

पुढचे आकडे मी काही गोष्टी गृहीत धरून दिले आहेत. स्थानिक बांधकाम नियमावली, तुमच्या वीज कंपनीचे निकष, भूजलाची पातळी आणि तुम्ही निवडाल ती प्रक्रिया यांनुसार ते बदलतील. विचाराचा क्रम मात्र मी प्रत्येक प्रकल्पात हाच ठेवतो.

सुरुवात सांडपाण्यापासून करा, कारण तिघांपैकी तेच सर्वात हट्टी आहे. २०० घरं, घरटी ५ माणसं, दरडोई रोज १३५ लिटर पाणी. म्हणजे रोजचा वापर १,३५,००० लिटर. त्यातलं ८५ ते ९० टक्के सांडपाणी म्हणून परत येतं असं धरलं तर साधारण १,२०,००० लिटर, म्हणजे १२० घनमीटर रोज. हे पाणी चोवीस तास सारखं येत नाही. सकाळच्या दोन-तीन तासांत लोंढा येतो आणि रात्री दोन वाजता जवळपास काहीच नसतं. प्रक्रियेच्या टाकीतल्या जिवाणूंना मात्र एकसारखा पुरवठा लागतो. म्हणून सुरुवातीला इक्वलायझेशन टाकी असते. ती आठ तासांच्या सरासरी प्रवाहाएवढी, म्हणजे ४० घनमीटर धरा. पाण्याची खोली ३ मीटर ठेवली तर तिला आतून साधारण १४ चौरस मीटर लागतात. त्यानंतर हवा देण्याची टाकी, गाळ बसण्याची टाकी, गाळ साठवण, फिल्टर, शुद्ध पाण्याची टाकी आणि ब्लोअर-पंपांची खोली येते. भिंती आणि फिरायची जागा धरून १४० ते १५० चौरस मीटर हाताशी ठेवले की या क्षमतेला अडचण येत नाही.

आता पातळ्या, आणि इथे जरा थांबून हिशेब करू. पट्टीच्या सखल टोकाची जमीन शून्य माना. मग उंच टोक +१ मीटरवर आलं. सर्वात दूरची इमारत +०.५ वर आहे आणि तिथपासून पट्टीपर्यंत ड्रेनेज लाइनची लांबी १२० मीटर आहे असं धरू. पहिल्या चेंबरमध्ये पाइपचा तळ जमिनीपासून ०.६ मीटर खाली असतो. १५० मिलिमीटरच्या पाइपला १:१०० उतार दिला तर १२० मीटरमध्ये १.२ मीटर खाली जावं लागतं. मधल्या चेंबरांतल्या लहान लहान पायऱ्यांचे आणखी ०.२ मीटर धरा. एकूण २ मीटर झाले. म्हणजे लाइन एसटीपीला पोचते तेव्हा तिचा तळ −१.५ वर असतो.

एसटीपी सखल टोकाला असेल तर पाइप जमिनीपासून १.५ मीटर खोल भेटतो. उंच टोकाला असेल तर तोच पाइप २.५ मीटर खोल भेटतो. मोठा कचरा अडवणारी जाळी म्हणजे बार स्क्रीन, आणि तेल-चरबीचा कप्पा यांत ०.४ मीटर जातात. त्याखाली इक्वलायझेशन टाकीतली पाण्याची सर्वात वरची पातळी हवी, नाहीतर पाणी उलट लाइनमध्ये तुंबतं. त्याखाली ३ मीटर पाणी. म्हणजे टाकीचा तळ सखल टोकाला ४.९ मीटर आणि उंच टोकाला ५.९ मीटर खोल जातो. तळाचा स्लॅब आणि खालचं काँक्रीट धरून खोदाई अनुक्रमे ५.४ आणि ६.४ मीटर. कागदावर हा एका मीटरचा फरक किरकोळ दिसतो. पण पट्टी कुंपणाला लागून आहे. शेजाऱ्याच्या भिंतीलगत साडेसहा मीटर खोल खड्डा करायचा तर माती धरून ठेवण्याची वेगळी व्यवस्था लागते, आणि अंदाजपत्रकात ती सहसा कोणी धरलेली नसते.

खोलीचा दुसरा त्रास पुढे देखभालीत होतो. टाकी तळापर्यंत उपसायची वेळ आली की व्हॅक्यूम टँकर येतो. हवेच्या दाबाने पाणी फार तर १० मीटरच्या आसपास चढू शकतं, पण प्रत्यक्षात घट्ट गाळ असताना ७ मीटरच्या पुढे टँकर ओढत नाही. टँकरचं तोंड जमिनीपासून १.२ मीटर वर धरलं तर सखल टोकाला एकूण उंची ६.१ मीटर होते आणि काम होतं. उंच टोकाला ती ७.१ मीटर होते, म्हणजे दर वेळी तळाचा थर टाकीतच राहणार. तो थर सडत राहतो आणि "एसटीपीचा वास येतो" ही तक्रार बऱ्याचदा तिथून सुरू होते.

आणखी एक गोष्ट तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला आवर्जून विचारा. पावसाळ्यात भूजल वर आल्यावर रिकामी टाकी तरंगू शकते. वरचीच टाकी घ्या: बाहेरून ४.५ × ४ मीटर आणि स्लॅबचा तळ ५.२ मीटर खोल. भूजल जमिनीखाली १ मीटरवर आलं तर टाकीला वर ढकलणारा जोर ४.२ × १८, म्हणजे साधारण ७६ टन होतो. २५० मिलिमीटरच्या भिंती, ३०० चा तळ आणि २०० चं झाकण धरून टाकीचं स्वतःचं वजन ७० टनांच्या आसपास भरतं. भरलेली असताना काही होत नाही. साफसफाईसाठी ऐन पावसाळ्यात रिकामी केली की ती उचलली जाते, जोडलेले पाइप तुटतात आणि गळती कुठून आहे ते नंतर सापडत नाही. तळाचा स्लॅब भिंतींच्या बाहेर काढून त्यावर मातीचा भार घेणं किंवा तळ जाड करणं हे उपाय आहेत, पण ते आराखड्याच्या टप्प्यावरच करावे लागतात. तळ बाहेर काढायचा तर त्यालाही पट्टीची रुंदी लागते, म्हणून हे आत्ता सांगतोय.

सगळ्या टाक्या खोल न्यायची गरज नसते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. उताराने पाणी फक्त इक्वलायझेशन टाकीपर्यंत यावं लागतं. तिथून पुढे पंपच असतो. त्यामुळे ही एकच टाकी खोल ठेवा आणि बाकीच्या जमिनीलगत किंवा अर्ध्या वर काढा. खोदाई कमी होते, तरंगण्याचा धोका घटतो, आणि मुख्य म्हणजे माणसाला उजेडात, हवेत उभं राहून काम करता येतं. ब्लोअर आणि पॅनेलची खोली तर जमिनीवरच हवी. तिथे उतरायला शिडी नको, जिना हवा. टाकीतले पंप आत न उतरता वरूनच साखळीने उचलता आले पाहिजेत. मैलापाण्याच्या टाकीत माणूस उतरवणं जीवघेणं असतं. तो उतरण्याची वेळच येऊ नये असा आराखडा करणं ही आपली जबाबदारी आहे.

प्रवाह दोन समांतर भागांत विभागता आला तर तेही करा, ६० आणि ६० घनमीटर. ताबा दिल्यावर पहिल्या वर्षी पन्नासेक कुटुंबं राहायला येतात. १२० च्या टाकीत ३० घनमीटर पाणी आलं तर जिवाणूंना पुरेसं खाद्य मिळत नाही, प्रक्रिया बसतच नाही, आणि मग कोणीतरी ब्लोअर बंद ठेवायला लागतं. तिथून पुढे ते संयंत्र बहुधा सावरत नाही.

आता तुमच्या मूळ कल्पनेकडे येतो. स्लॅबवर ट्रान्सफॉर्मर ठेवण्यात वजन ही सर्वात सोपी बाब आहे. ६३० केव्हीएचा तेलाचा ट्रान्सफॉर्मर दोन टनांच्या वर असतो, आणि तेवढ्या भारासाठी स्लॅब डिझाइन करता येतो. अडचण खालून येणाऱ्या वायूची आहे. सांडपाणी साचलं की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो तांबं आणि चांदी दोन्हींना खातो. वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचगिअरच्या संपर्कबिंदूंवर चांदीचा मुलामा असतो, पॅनेलमध्ये वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्या म्हणजे बसबार आणि केबलची टोकं बऱ्याचदा तांब्याची असतात. त्यांवर काळा थर चढतो, जोड तापू लागतो आणि एक दिवस जळतो. एका वसाहतीत मी एसटीपीच्या खोलीतच बसवलेलं मुख्य पॅनेल उघडून पाहिलं होतं. बाहेरून ते नव्यासारखं होतं, आत बसबार काजळी फासल्यासारखे काळे होते. तुमच्या आसपासच्या एखाद्या जुन्या प्रकल्पात असं पॅनेल असेल तर वायरमनला सोबत घेऊन, पुरवठा बंद करून, नक्की पाहा.

मिथेन हा दुसरा वायू. तो पेट घेतो, आणि त्याच्या डोक्यावर स्विचिंगची उपकरणं असू नयेत. आणि तिसरं कारण अगदी रोजचं आहे: टाक्यांची झाकणं उघडावी लागतात, त्यातून पाइप, पंप, साखळ्या वर येतात. चालू उच्चदाबाच्या कुंपणाशेजारी लांब लोखंडी पाइप हाताळायची वेळ कोणावरही आणू नये. शिवाय बऱ्याच वीज कंपन्या ट्रान्सफॉर्मरची जागा स्वतःच्या ताब्यात मागतात आणि कुलूप त्यांचं असतं. मग खालच्या टाकीचं झाकण उघडायला दर वेळी त्यांची परवानगी काढत बसणार का?

ट्रान्सफॉर्मर म्हणून उंच टोकाला घ्या. तिथली जमीन आधीच १ मीटर वर आहे. त्यावर ४५० ते ६०० मिलिमीटर जोतं घेतलं तर अतिवृष्टीतही पाणी लागणार नाही. केबल ट्रेंच मात्र जोत्याखाली असतो आणि पाणी तिथेच साठतं, हे विसरलं जातं. ट्रेंचच्या तळाला उतार आणि बाहेर पडायला वाट द्या. ही वाट पावसाळी गटारात जावी, सांडपाण्याच्या चेंबरमध्ये नको, नाहीतर तोच वायू ट्रेंचमधून पॅनेलपर्यंत पोचतो. तेलाच्या ट्रान्सफॉर्मरखाली खडीचा शोषखड्डा हवा आणि तो कुठल्याच गटाराला जोडलेला नको. उघडी जागा मिळत नसेल आणि खोलीत ठेवावा लागणार असेल तर कोरड्या प्रकारच्या ट्रान्सफॉर्मरबद्दल विचारा. तो महाग पडतो, पण त्यात तेल नसतं.

किती ट्रान्सफॉर्मर लागतील, केवढे, त्यांभोवती किती अंतर, हे वीज कंपनी ठरवते. तुमच्या आकाराच्या प्रकल्पाला दोन ६३० चे बसतील अशी जागा मी गृहीत धरतो: १२ × ९ मीटर, त्यात उच्चदाबाचं स्विचगिअर आणि लघुदाबाचं पॅनेल आलं. वाहनांचं चार्जिंग वाढत चाललंय, तेव्हा दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरची जागा आज रिकामी राहिली तरी सोडू नका. नंतर ती सापडत नाही. शयनगृहाच्या खिडकीसमोर मात्र तो नको. त्याची गुणगुण दिवसा ऐकू येत नाही, रात्री येते.

आता कचरा. इथे लोक बहुधा एकूण किलो मोजतात आणि खोली लहान करून ठेवतात. १००० माणसं, माणशी ४५० ग्रॅम, म्हणजे रोज ४५० किलो. अर्ध्याहून थोडा जास्त ओला धरू, २४० किलो. ओला कचरा जड असतो आणि जागा कमी खातो. २४० लिटरच्या चाकाच्या डब्यात ८० किलोच्या आसपास मावतो, म्हणजे रोजचे तीन डबे. सुका उरला २१० किलो, पण तो फुगलेला असतो: एक घनमीटरमध्ये जेमतेम १०० किलो. म्हणजे रोज दोन घनमीटर, आणि तो उचलणारा तीन दिवसांनी येत असेल तर सहा घनमीटर. तुमची खोली सुक्या कचऱ्यावर ठरते, ओल्यावर नाही. सुका १.२ मीटर उंचीपर्यंत रचला तर ५ चौरस मीटर, तो वेगळा करायला तेवढीच किंवा थोडी जास्त जागा, दोन दिवसांच्या ओल्याचे सहा डबे, सॅनिटरी आणि घातक कचऱ्याचे वेगळे डबे, आणि हे सगळं ओढत फिरवायला वाव. २५ ते ३० चौरस मीटरच्या खाली जाऊ नका. ओल्याचं खत इथेच करायचं असेल तर त्याची जागा वेगळी धरा. खत पिकायला काही आठवडे जातात आणि तेवढे दिवसांचा माल रॅकवर पडून असतो.

कचरा खोलीच्या तपशिलात मी सर्वात जास्त भांडतो ते फरशीच्या निचऱ्यासाठी. डबे धुतल्यावर निघणारं काळं पाणी पावसाळी गटारात गेलं तर दोन महिन्यांत तिथे माश्या आणि दुर्गंधी. ते जाळीच्या टोपलीतून गाळून, पाण्याच्या सापळ्यातून एसटीपीच्या बार स्क्रीनआधीच्या चेंबरमध्ये सोडा. म्हणून कचरा खोली एसटीपीच्या शेजारी हवी: चार-पाच मीटरच्या पाइपमध्ये काम होतं. दाराला उंबरठा नको आणि पायरी तर मुळीच नको. भरलेला ८० किलोचा डबा पायरीवरून ओढणारा माणूस पाहिला की हे वेगळं सांगावं लागत नाही. जिथे पातळी बदलते तिथे १:१२ पेक्षा तीव्र उतार देऊ नका. दोन मीटरपर्यंत टाइल, नळ, उजेड, उंदीर येणार नाहीत अशी जाळी, आणि काम करणाऱ्यांना हात धुवायची जागा एवढं हवंच.

तिघांना जोडणारा दुवा म्हणजे गाडी. कचऱ्याची गाडी रोज येते, गाळाचा टँकर अधूनमधून, आणि ट्रान्सफॉर्मर बदलायची क्रेन दहा-पंधरा वर्षांतून एकदा. तिन्ही गाड्यांना एकच उभं राहायची जागा देता येते. म्हणून तुमच्या पट्टीची मांडणी मी अशी करेन: सखल टोकाकडून १७ मीटर एसटीपी, त्याला लागून ६ मीटर कचरा, मग ५ मीटर उघडी फरसबंद जागा, आणि उंच टोकाला १२ मीटर ट्रान्सफॉर्मर. बेरीज ४० येते. मधल्या उघड्या जागेमुळे सुक्या कचऱ्याला आग लागली तरी ती लगेच ट्रान्सफॉर्मरपर्यंत जात नाही, आणि कचऱ्यावर जगणारे उंदीर केबलपासून दूर राहतात. तिथे "तात्पुरतं" पार्किंग होऊ द्यायचं नाही, एवढी काळजी घ्या. टँकरची नळी या जागेपासून एसटीपीच्या दूरच्या झाकणापर्यंत पोचायला हवी. कचऱ्याच्या १७ मीटर पलीकडलं टोक २५ मीटरच्या आत येतं, तेव्हा ते जमून जाईल. वर छत किंवा फांद्या नकोत. डबा उचलून ओतणाऱ्या गाडीला डोक्यावर बरीच मोकळी उंची लागते.

एसटीपीतली हवा एक्झॉस्टने ओढून पाइपने शेजारच्या इमारतीच्या गच्चीच्या वर सोडा. कुंपणाच्या उंचीवर सोडली तर ती थेट पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांत जाते. ही पाइपलाइन इमारतीच्या डक्टमधून न्यावी लागते, म्हणजे आर्किटेक्टला ती आज माहीत असली पाहिजे.

हे सगळं ज्या एका गोष्टीने उलटंपालटं होऊ शकतं ती म्हणजे वीज वाहिनी कुठून येते. मुख्य रस्त्यावरची उच्चदाबाची केबल तुमच्या सखल टोकाजवळ असेल तर वीज कंपनी तिथेच जागा मागेल. तरीही मी अदलाबदल करणार नाही. उच्चदाबाची केबल ४० मीटर जास्त नेणं हे एसटीपी एक मीटर खोल नेण्यापेक्षा खूप सोपं असतं. फक्त ती केबल टाक्यांच्या झाकणांपासून दूर, रस्त्याच्या कडेने न्या आणि जिथे ड्रेनेज लाइन ओलांडते तिथे पाइपमधून घ्या. पण इमारतींचा मोठा भाग पट्टीपासून फार लांब असेल, तर लघुदाबाच्या लांब केबलमध्ये विजेचा दाब कमी होत जातो. तसं असेल तर ट्रान्सफॉर्मर या पट्टीत ठेवण्याचाच पुनर्विचार करा आणि इमारतींच्या मध्यावर जागा शोधा.

आता लगेच करायचं ते असं. पट्टीचा आणि सर्व इमारतींच्या जोत्यांचा अर्ध्या मीटरच्या कॉन्टूरचा सर्व्हे मागवा. त्यावर दूरच्या चेंबरपासून ड्रेनेज लाइनचा उभा छेद काढा, मी वर केला तसाच. ही पट्टी अग्निशमन गाडीसाठी सोडायच्या मोकळ्या अंतरात तर येत नाही ना, हे स्थानिक प्राधिकरणाकडून लेखी घ्या. येत असेल तर तिथे जमिनीवर काही बांधता येणार नाही आणि टाक्यांच्या झाकणांना गाडीचा पूर्ण भार झेलावा लागेल. शुद्ध केलेलं जास्तीचं पाणी ज्या सार्वजनिक गटारात सोडणार त्याच्या तळाची पातळीही सर्व्हेतच मोजून घ्या. पावसाळ्यात बागेला पाणी लागत नाही, फ्लशचा वापर भागून पाणी उरतं, आणि गटार तुमच्या टाकीपेक्षा वर निघालं तर तिथेही एक कायमचा पंप लागणार आहे. त्याची जागा आणि वीज आजच्या नकाशात हवी.